‘पुनर्स्थापित करा’ हा शब्द मी का खोडला

वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर मी अकोल्यात भाषांतराची कामं घ्यायला लागलो. घरगुती आरओ यंत्रांची देखभाल करणाऱ्या इथल्याच एका एजन्सीनं तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे अडतीस पानांची इंग्रजी पुस्तिका दिली. त्यांची चौदा मुलं अकोट, तेल्हारा, दर्यापूर या बाजूला दुचाकीवर फिरून यंत्रं दुरुस्त करतात. बहुतेक जण दहावी-बारावी झालेले, काही आयटीआयवाले. त्यांना वाचता येईल अशी मराठी पुस्तिका हवी होती.

हा सगळा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारं, की कित्येक ठिकाणी त्यानं डाळ शिजत नाही. योजनेच्या नळाचं पाणी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी घरातलं यंत्र बोअरवर चालतं. म्हणजे एकाच यंत्राला कधी क्लोरीन घातलेलं पाणी मिळतं, तर कधी क्षारांनी भरलेलं. अशा ठिकाणी यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला कागद चुकीचा असेल तर काय होतं, हे मी माझ्याच कागदावरून शिकलो.

पहिलं भाषांतर मी पाठ्यपुस्तकाच्या वळणानं केलं. रिव्हर्स ऑस्मॉसिसला व्यस्त परासरण, मेम्ब्रेनला निवडक्षम पारपटल, टीडीएसला एकूण विद्राव्य घन पदार्थ, टीडीएस मीटरला जलशुद्धता मापक. कार्ट्रिज बदलण्याच्या पानावर मी लिहिलं होतं, ‘दर सहा महिन्यांनी गाळ-कार्ट्रिज पुनर्स्थापित करा.’ व्याकरणात चूक नव्हती. एजन्सीच्या मालकांनी प्रती छापून वाटल्या आणि मला पैसेही दिले.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. तक्रारी वाढल्या होत्या. सर्व्हिस करून गेल्यावर पंधरा दिवसांत पाण्याची धार बारीक होते, पंप ओरडतो, असं गिऱ्हाईकं सांगत होती. मी एक दिवस त्यांच्या सगळ्यांत जुन्या कारागिरासोबत अकोटच्या बाजूला गेलो. पहिल्याच घरी त्यानं यंत्राबाहेरचा बाऊल पान्यानं खोलला. आतली कँडल काढली. कार्ट्रिजला ही मंडळी कँडलच म्हणतात. मातकट झालेली ती कँडल त्यानं नळाखाली धरली, ब्रशनं घासून पांढरी केली आणि बाऊलमध्ये परत बसवली. नवीन कँडल पिशवीतच राहिली.

मी विचारलं, “भाऊ, नवीन का नाही टाकली?”

तो म्हणाला, “सर, तुमच्याच पुस्तकात लिहेल हाये ना, पुनर्स्थापित करा म्हून. पुन्हा स्थापित. तं काहाडली, धुतली अन् पुन्हा बसोली.”

त्याचं वाचन बरोबर होतं. ‘पुनर्’ म्हणजे पुन्हा आणि ‘स्थापित’ म्हणजे बसवलेलं. इंग्रजी ‘रिप्लेस’मध्ये जुनं टाकून नवं आणण्याचा जो भाग आहे, तो माझ्या शब्दात कुठेच नव्हता. जुन्या मूर्तीची पुनर्स्थापना करतात तेव्हा तीच मूर्ती पुन्हा बसते. कँडलचंही त्यानं तेच केलं होतं.

ही कँडल धुवून का चालत नाही, ते त्या दिवशी मी तिला उभी चिरून पाहिलं तेव्हा नीट कळलं. ती पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक धाग्यांची जाड गुंडाळी असते. तिच्यातून साधारण पाच मायक्रॉनपेक्षा मोठा कण पुढे जात नाही. गाळ नुसता वरच्या कातडीवर बसत नाही, तो धाग्यांच्या थरांत खोल शिरतो. ब्रशनं बाहेरचा थर पांढरा झाला होता, पण आत बोटभर जाडीपर्यंत पिवळट चिखल होता. त्यातच घासल्यानं वरचे धागे विस्कटून मोकळे झाले होते. पंपाला पुरेसं पाणी मिळत नव्हतं म्हणून तो ओरडत होता.

गाळाच्या कँडलचं नुकसान निदान दिसतं तरी. तिच्यापुढच्या कार्बनच्या कँडलचं दिसत नाही. कार्बन पाण्यातलं क्लोरीन धरतो, आणि मेम्ब्रेनचा पॉलिअमाइडचा पातळ थर क्लोरीननं खराब होतो. म्हणजे कार्बन हा मेम्ब्रेनचा राखणदार. त्याची ताकद संपली तरी कँडल बाहेरून नवीसारखीच दिसते, धारही बारीक होत नाही. त्यामुळे तो दिवसांवर आणि किती पाणी गेलं त्यावर बदलावा लागतो, डोळ्यांनी पाहून नाही. ‘पुनर्स्थापित’ वाचून कुणी कार्बनची कँडलही तीच परत बसवली असेल, तर त्या घरातलं मेम्ब्रेन काही महिन्यांतच जाणार होतं.

मी ते पान फाडून नव्यानं लिहिलं. ‘जुनी कँडल काढून टाका. ती धुवून परत बसवू नका. नवी बसवा.’ तीन छोटी वाक्यं झाली, पण हाताला कुठे थांबायचं ते कळलं.

त्याच पानावर कँडलवर चिकटवायच्या पट्टीचा नमुना होता. तिथे मी ‘बदलण्याची तारीख’ असं लिहिलं होतं. निम्मी मुलं त्यात कँडल बसवल्याची तारीख घालत होती, निम्मी पुढची. पट्टीवर मे महिना दिसला की कँडल मे महिन्यात बसली की मे महिन्यात काढायची, हे दुसऱ्या कारागिराला सांगता येत नव्हतं. आता पट्टीवर दोन ओळी आहेत: ‘बसवली’ आणि ‘पुढे बदलायची’. ‘पूर्व-कार्बन’ हा शब्दही गेला. एका मुलानं विचारलं होतं की यंत्राची पूर्वेकडची बाजू कोणती. आता ‘मेम्ब्रेनच्या आधीचा कार्बन’ आणि ‘मेम्ब्रेनच्या नंतरचा कार्बन’ असं लिहिलेलं आहे. नळीत बसणाऱ्या कँडलवर पाणी कुठून कुठे जातं त्याचा बाण छापलेला असतो, म्हणून आधीच्या कार्बनपुढे ‘बाण मेम्ब्रेनकडे’ एवढंच जोडलं.

मग टीडीएसचा प्रश्न आला. ‘एकूण विद्राव्य घन पदार्थ’ या शब्दांत ‘घन’ वाचलं की मुलांच्या डोळ्यांपुढे माती, रेती, गाळ येत होता. त्यामुळे पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की टीडीएस वाढला असं ते समजायचे, आणि मीटरवर आकडा कमी दिसला की मीटर बिघडलं म्हणायचे. दुसरीकडे, मीटरला मी दिलेलं ‘जलशुद्धता मापक’ हे नाव गिऱ्हाईकापुढे फार सोयीचं ठरत होतं. ८० चा आकडा दाखवून “पाणी शुद्ध आहे” म्हटलं की काम संपलं.

एका रविवारी एजन्सीच्या गोदामात मी सगळ्यांना बोलावलं. यंत्रातून निघालेल्या पाण्याचे दोन पेले भरले. मीटरवर दोन्हींत ६० च्या आसपास आकडा होता. एका पेल्यात चमचाभर साखर विरघळवली. आकडा जवळपास तिथेच राहिला. दुसऱ्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर आकडा हजाराच्या पुढे गेला. साखर मिठापेक्षा कितीतरी जास्त होती आणि दोन्ही विरघळलेले घन पदार्थच होते. मग फरक का पडला? मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. मीठ विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण होतात, ते वीज वाहून नेतात. साखरेचे होत नाहीत. जंतू, कीटकनाशक, चिखल यांचंही तसंच. मीटरला ते दिसत नाहीत.

आम्ही त्या दिवशी ठरवलं की टीडीएसला ‘विरघळलेले क्षार’ म्हणायचं आणि मीटरला ‘क्षारमापक’. शास्त्राच्या काटेकोर भाषेत टीडीएसमध्ये क्षारांशिवाय थोडे सेंद्रिय पदार्थही येतात, हे मला ठाऊक आहे. पण मुलांच्या हातातलं मीटर जे मोजतं ते क्षारच, आणि खारपाणपट्ट्यातल्या माणसाला क्षार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आकड्याचा अर्थ सांगताना भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मधल्या दोन मर्यादा पुस्तिकेत दिल्या: पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आकडा कमी म्हणजे क्षार कमी. जंतू नाहीत असा त्याचा अर्थ नाही.’

क्षार हा शब्द रुळला, त्यानंतर माझी आणखी एक चूक उघडी पडली. दर्यापूरकडच्या एका घरातून मेम्ब्रेन बदलायची मागणी आली होती. कारागिरानं फोनवर आकडे सांगितले: बोअरचं पाणी १८४०, यंत्राच्या तोटीचं ४२०. मेम्ब्रेन गेलं, असा त्याचा निकाल होता. मेम्ब्रेन बसून सातच महिने झाले होते, म्हणून मालकांनी त्या जुन्या कारागिराला पाठवलं. मीही गेलो.

त्यानं आधी यंत्राचं झाकण काढून मेम्ब्रेनच्या शेजारची छोटी चावी पाहिली. ती बरीच उघडी होती. इंग्रजीत तिला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. मी तिचं भाषांतर ‘क्षार नियंत्रक’ केलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘शुद्ध पाण्यातील क्षारांचे नियंत्रण करण्यासाठी उघडा.’ आधी येऊन गेलेल्या मुलानं ते वाचलं होतं. नियंत्रण करायचं म्हणजे क्षार कमी करायचे, असं समजून त्यानं चावी आणखी उघडली होती.

या चावीचं काम उलटं आहे. मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी फार फिकं लागतं तेव्हा मेम्ब्रेनमध्ये न गेलेलं थोडं पाणी ती त्यात मिसळते. ती जितकी उघडाल तितके क्षार वाढतात.

जुन्या कारागिरानं चावी पूर्ण बंद केली. टाकीत साठलेलं पाणी जुनंच असल्यानं तोटीचं पाणी मोजून उपयोग नव्हता. त्यानं मेम्ब्रेनमधून शुद्ध पाणी येणारी नळी सोडवून बादलीत धरली आणि दहा मिनिटं यंत्र चालू ठेवलं. यंत्र काही वेळ बंद राहिलं की आतले क्षार पडद्यातून हळूहळू पलीकडे झिरपतात आणि पहिलं पाणी जास्त आकडा दाखवतं, म्हणून त्यानं आधीचं पाणी जाऊ दिलं. मग मोजलं. १३० आले.

मी वहीत गणित केलं. १८४० मधून १३० वजा केले तर १७१० उरले. म्हणजे मेम्ब्रेननं शंभरातले सुमारे त्र्याण्णव क्षार अडवले होते. ते चांगलं होतं. मग तोटीला ४२० कुठून आले? पाच वाट्या १३० च्या पाण्यात एक वाटी १८४० चं पाणी घातलं तर आकडा ४१५ च्या आसपास येतो. त्या घरातली माणसं दर सहा वाट्यांतली एक वाटी मेम्ब्रेनमध्ये न गेलेलं बोअरचं पाणी पीत होती. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर तेही त्या वाटीतून तसंच पोटात जातं. कँडल ते अडवत नाही, अतिनील दिवाही नाही.

मेम्ब्रेन बदललं असतं तर गिऱ्हाईकाचे पैसे गेले असते आणि चावी उघडीच राहिली असती. पुस्तिकेत आता त्या भागाचं नाव ‘मिसळायची चावी’ आहे. गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला चावीवाला म्हणतातच, त्यामुळे शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. पुढचं वाक्य असं आहे: ‘उघडली की क्षार वाढतात. आत येणारं पाणी खारं असेल तर पूर्ण बंद ठेवा. मेम्ब्रेन तपासण्याआधी बंद करा.’

खुद्द मेम्ब्रेनसाठी मी मराठी शब्द शोधण्याचा हट्ट सोडला. ‘निवडक्षम पारपटल’ नववीच्या वर्गात मी आवडीनं शिकवला असेन, पण दुकानात जाऊन हा शब्द म्हटला तर कुणी काही देणार नाही. सुट्या भागाच्या डब्यावर मेम्ब्रेन छापलेलं असतं आणि मुलंही मेम्ब्रेनच म्हणतात. नाव तेच ठेवलं. खरी अडचण नावात नव्हती, त्याच्या क्रियापदात होती. यंत्र नीट चालत नसेल तर सगळे म्हणायचे, “मेम्ब्रेन गेलं.” माझ्या भाषांतरातही ‘पटल निकामी झाल्यास’ एवढंच होतं. मेम्ब्रेन मात्र दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी खराब होतं आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिल्या तऱ्हेत पडद्यावर क्षारांचा थर बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. शुद्ध पाण्याची धार बारीक होत जाते, बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याची वाढते. याला ‘बुजलं’ हा शब्द सगळ्यांना लगेच पटला. दुसऱ्या तऱ्हेत क्लोरीननं पडदा खराब होतो. तेव्हा धार कमी होत नाही, उलट वाढते, आणि क्षारांचा आकडाही चढतो. गिऱ्हाईक खूश असतं, कारण टाकी लवकर भरते. यासाठी मला ‘क्षरण’, ‘ऱ्हास’ असेच शब्द सुचत होते. जुना कारागीर म्हणाला, “सर, जुनं धोतर इरते पाहा. फाटेल नसते, पन पानी टाकलं का गयते. तसंच हे इरलं.”

विरलं! कापड विरतं तेव्हा ते भोक न पडताच पातळ होतं. क्लोरीननं मेम्ब्रेनचं जे होतं त्यासाठी याहून नेमका शब्द मला कुठल्याही परिभाषाकोशात सापडला नसता. पुस्तिकेत आता दोन मथळे आहेत: ‘मेम्ब्रेन बुजलं’ आणि ‘मेम्ब्रेन विरलं’. विरलं असेल तर नुसतं मेम्ब्रेन बदलून भागत नाही, त्याच्या आधीचा कार्बनही बदलावा लागतो. नाहीतर नवं मेम्ब्रेनही तसंच विरेल. बुजलं असं म्हणण्याआधी मात्र गाळाची कँडल आणि पंप पाहायचा, कारण त्यांच्या दोषानंही धार बारीक होते.

धार मोजायची तर आकडा हवा. मेम्ब्रेनवर ८० जीपीडी असं छापलेलं असतं. काही मुलं ते दिवसाला ८० लिटर असं वाचत होती. ते गॅलन आहेत, आणि अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. हिशेबानं दिवसाला ३०० लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर होतात. हा आकडा कारखान्यातल्या ठरावीक दाबाचा आणि तापमानाचा. घरात, विशेषतः थंडीत गार पाण्यावर, तो कमीच भरतो. तरी मापाचा पेला घेऊन मिनिटभर पाणी धरलं आणि ६० मिलिलिटरच भरलं, तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.

शेवटचा घोळ ‘रिजेक्ट’चा होता. इंग्रजी पुस्तिकेत बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याला रिजेक्ट म्हटलं होतं, आणि मेम्ब्रेन किती क्षार अडवतं त्यालाही रिजेक्शनच. मी दोन्हीकडे ‘त्याज्य’ हाच शब्द वापरला होता. ‘त्याज्य प्रमाण ९५ टक्के’ हे वाचून मुलांनी अर्थ घेतला की शंभर लिटरमधलं पंच्याण्णव लिटर पाणी वाया जातं, आणि चांगली मेम्ब्रेनं वाईट ठरवली. आता पहिल्याला ‘रिजेक्टचं पाणी’ आणि दुसऱ्याला ‘क्षार अडवण्याचं प्रमाण’ म्हणतो. दुसरं जितकं जास्त तितकं मेम्ब्रेन चांगलं, हे तिथेच लिहिलं आहे. रिजेक्टच्या पाण्याला ‘सांडपाणी’ मुद्दाम म्हटलं नाही. सांडपाणी म्हटलं की लोक त्याला हात लावत नाहीत, आणि ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. झाडांना घालायचं का, ते आधी क्षारमापक लावून ठरवावं. १८४० चं बोअर असेल तर रिजेक्टमध्ये क्षार त्याहूनही जास्त असतात.

अडतीस पानांची पुस्तिका आता चौदा पानांची झाली आहे. प्रत्येक पान छापण्याआधी मी ते कारागिराला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तो हातानं काय करतो ते पाहिलं. हात चुकीकडे गेला की त्याला न समजावता शब्द बदलला.

तुमच्या घरी यंत्राची सर्व्हिस होईल तेव्हा एवढं करा. मिसळायची चावी बंद करून आत येणाऱ्या पाण्याचा आणि मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या पाण्याचा आकडा तुमच्यासमोर घ्यायला सांगा, आणि दोन्ही आकडे तारखेसह यंत्राच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. काढलेली जुनी कँडल मागून घ्या आणि ती पुन्हा कुणाच्या यंत्रात बसणार नाही अशी कापून टाका.